परिचर्येविषयीची माझी भूमिका

(पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमाच्या प्रवेशअर्जासोबत)

रुग्णाने मान हलवली म्हणजे त्याला समजले, असे मी नोकरीची पहिली दोन वर्षे धरून चालले होते. जीएनएमचा अभ्यासक्रम आणि परिचारिका म्हणून नोंदणी पूर्ण करून मी गेली सहा वर्षे सोलापुरातील एका रुग्णालयाच्या स्त्री-वैद्यकीय कक्षात काम करत आहे. परिचर्या म्हणजे काय, याविषयी आज माझे जे मत आहे ते ही समजूत चुकीची ठरल्यापासून घडत गेले.

मधुमेह असलेल्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या एका मावशींना आम्ही एप्रिल महिन्यात घरी सोडले. त्यांच्या घरात तेलुगू बोलली जाते आणि मराठी त्यांना बाजारहाटापुरती येते. मिलिलिटरला चाळीस युनिटच्या इन्सुलिनची बाटली, तिला चालणारी लाल टोपणाची सिरिंज, टोचण्याची जागा, हे सारे मी त्यांना सांगितले, बाटली थंड जागी ठेवायला सांगितले आणि केस पेपरवर ‘आरोग्यशिक्षण दिले’ अशी नोंद करून सही केली. तीन आठवड्यांनी त्या वाढलेली साखर आणि पायाच्या बोटाची जखम घेऊन परत आल्या. इन्सुलिन त्यांनी एक दिवसही चुकवले नव्हते. मात्र घरात फ्रिज नव्हता आणि पत्र्याच्या खोलीतली त्यांना त्यातल्या त्यात गार वाटलेली फळी म्हणजेच त्यांची ‘थंड जागा’ होती. चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात त्या फळीवर औषधाचा गुण टिकणे कठीण होते. माझी नोंद खोटी नव्हती, पण तिचा मावशींना काहीही उपयोग झाला नव्हता.

दुसऱ्या वेळी मी आधी विचारले आणि मग सांगितले. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मुलीने दुभाषाचे काम केले. ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात, कोरड्या झाकणाच्या डबीत बाटली ठेवण्याची पद्धत ठरली. त्याच बोलण्यात आणखी एक गोष्ट कळली, जी मी एरवी कधीच विचारली नसती: सकाळी तयार विड्या कारखान्यात देऊन परत येईपर्यंत त्या जेवत नसत, आणि इंजेक्शन मात्र जाण्यापूर्वी घेत. हजारी विड्यांवर मजुरी मिळत असताना ‘वेळेवर जेवा’ हा सल्ला त्यांना पाळता येण्यासारखा नव्हता. म्हणून डॉक्टरांना विचारून इंजेक्शनची वेळच जेवणाच्या वेळेशी जुळवून घेतली. शेवटी मी त्यांना ‘चूपिंचंडी’, म्हणजे करून दाखवा, असे म्हणाले, आणि त्यांनी हवेचा बुडबुडा काढून बरोबर मात्रा भरून दाखवल्यावरच सही केली.

व्हर्जिनिया हेंडरसन यांच्या व्याख्येनुसार, पुरेशी शक्ती, इच्छा किंवा ज्ञान असते तर माणसाने जे स्वतः केले असते ते करण्यास त्याला मदत करणे, आणि ती मदत तो लवकरात लवकर स्वावलंबी होईल अशा रीतीने करणे, हे परिचारिकेचे काम आहे. विद्यार्थिदशेत मला यातील ‘शक्ती’ हा शब्द महत्त्वाचा वाटे, कारण अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे या कामांतच आमचा दिवस जाई. ही कामे मी आजही कमी लेखत नाही. तथापि ‘ज्ञान’ या शब्दाकडे आपल्या कक्षांमध्ये सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हवा, उजेड, स्वच्छता आणि शांतता यांना दिलेले महत्त्व मी वॉर्डापुरते मानत नाही. रुग्णाच्या घराचा पत्रा, घरातील तंबाखूची धूळ आणि यंत्रमागाचा आवाज हेही मला त्याच्या आजाराच्या परिसरातच मोडतात. ‘रुग्ण सांगितलेले पाळत नाही’ हा हॅण्डओव्हरमधील शेरा मी लिहिणे सोडले आहे, कारण त्यातून न पाळण्याचे कारण कधीच कळत नाही.

ही भूमिका रोज निभावता येते, असा माझा दावा नाही. रात्रपाळीत दोघींवर चाळीस रुग्ण असताना प्रत्येकीकडून करून दाखवणे घेता येत नाही. अशा वेळी इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी घरी जाणाऱ्या रुग्णांपुरते ते मी सोडत नाही. उरलेले सकाळच्या पाळीकडे नाव घेऊन सोपवते. सर्व काही समजूनही एखादीने उपचार नाकारला, तर तो तिचा अधिकार आहे. माझे काम तिचा निर्णय पूर्ण माहितीवर आधारलेला आहे ना, हे पाहण्याचे आहे.

माझ्या कक्षात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्या स्त्रिया शेजारी-शेजारी असतात, आणि त्यांना शिकवण्याची माझी पद्धत अजून अंदाजाने चालते. या अभ्यासक्रमातील सामुदायिक आरोग्य परिचर्या, अध्यापनपद्धती आणि संशोधनाची ओळख या विषयांच्या आधारे, लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी इन्सुलिनची चित्रमय माहितीपत्रिका तयार करून, ती वापरलेल्या स्त्रियांकडून महिन्याभराने पुन्हा करून दाखवणे घेण्याचा माझा मानस आहे.