पाण्याची फेरी
(वर्ग पाचवा, कृतिगीत. अंगणात गोल करून उभे राहा. पहिल्यांदा मी म्हणतो, तुम्ही मागून. दुसऱ्यांदा सगळे मिळून. कंसातलं बोलायचं नाही, करायचं.)

पाणी वर अन् पाणी खाली,
फिरत फिरत ही फेरी आली!
(हात वर, हात खाली, एक गिरकी)

नवतप्याचं ऊन कडाडे,
बोडीला बघ पडले तडे.
बोडीचं पाणी कोणी नेलं?
म्हैस म्हणते, मी नाही नेलं!
बगळा म्हणतो, मी नाही नेलं!
वाफ करून उन्हानं नेलं!
(कपाळावर हात, डोक्यावर शिंगं, लांब मान, शेवटी बोटं नाचवत हात वर)

वाफ काही दिसत नाही,
गुपचूप गुपचूप वरती जाई.
निंबही सोडी, मोहही सोडी,
पानापानातून थोडी थोडी.
समुद्र सोडतो सगळ्यात जास्त,
मीठ मात्र ठेवतो मस्त!
बाष्पीभवन याचं नाव,
यानंच सुकतं लुगडं, राव!
(तळवे पानांसारखे हलवा; ‘मीठ’ला मूठ घट्ट. ‘राव’ला कोणीतरी ओरडतंच, ओरडू द्या.)

उंच गेली, हवा गार,
वाफ झाली थंडीनं बेजार.
धूळकणाला बिलगून बसली,
इवल्या थेंबात जाऊन घुसली.
गंजावरचं झाकण काढा,
भाताच्या वाफेच्या थेंबांचा सडा!
तसंच वरती आभाळात,
ढग म्हणजे थेंबांची वरात.
सांद्रीभवन नाव जड,
तीनदा म्हणा, जीभ पकड!
(अंग चोरून कुडकुडा, मुठी जवळ आणा, झाकण उचला, जीभ खरंच पकडू नका, हात मातीचे असतात)

मृग लागला, आलं वारं,
आभाळ झालं काळं सारं.
थेंब थेंबाला भेटत गेला,
जड झाला नि खाली आला!
टप टप टप टप कौलावर,
धो धो धो धो बांधावर!
(एका बोटानं तळहातावर, मग दोन बोटांनी, मग मांडीवर थापा. पहिली सर हळूच, घाई नको.)

काही मुरलं मातीत खोल,
विहिरीला आली थोडी ओल.
काही बोडीत, काही तलावात,
काही नाल्यानं वाहत वाहत
वैनगंगेला जाऊन मिळालं,
वर्धेला भेटून प्राणहिता झालं.
(आता गोल मोडा. दक्षिणेकडे तोंड: डावी रांग वैनगंगा, उजवी वर्धा. दोन्ही चालत एक व्हा. पुढची चार मुलं गोदावरी, त्यांच्या मागे लागा. ढकलाढकली केली तर पूर आला समजून पुन्हा पहिल्यापासून.)

गोदावरीच्या पाठीवरून
बंगालच्या उपसागरात शिरून
पाणी विचारतं, ‘कुठं जाऊ?’
सूर्य म्हणतो, ‘वर ये, भाऊ!’
(सूर्य झालेलं पोर बाकावर उभं राहून बोलावतं, बाकीचे खाली बसून हळूहळू उठा)

पाणी वर अन् पाणी खाली,
फिरत फिरत ही फेरी आली!