दुचाकीच्या किमतीबाबत आपल्या विचारणेस उत्तर

नमस्कार,

आपला संदेश मिळाला. माझ्या दुचाकीच्या जाहिरातीतील किमतीत आपण मागितलेली चाळीस टक्के सूट देणे मला शक्य नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. गाडी एकहाती वापरलेली असून २८,००० किलोमीटर चालली आहे. सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत आणि बॅटरी व क्लच प्लेट्स अलीकडेच बदलल्या आहेत.

सायलेन्सरवरच्या ओरखड्यांचा मुद्दा आपण मांडला, पण ते फोटोत दाखवलेलेच आहेत आणि किंमत ठरवताना धरलेही आहेत. मागचा टायर मात्र मधोमध बराच झिजला असून तो लवकरच बदलावा लागेल, म्हणून त्यापोटी पाच टक्के कमी करण्यास मी तयार आहे. यापेक्षा खाली येणे मला परवडणार नाही.

आपल्या विश्वासातील मेकॅनिकला सोबत आणावे, इंजिन थंड असताना गाडी सुरू करून पाहावी आणि चेसिस क्रमांक कागदपत्रांशी ताडून घ्यावा. माझी काहीच हरकत नाही. (न पाहता घासाघीस करण्यात दोघांचाही वेळ जातो.) येत्या रविवारी सकाळी जमत असल्यास तसे कळवावे. दुसऱ्या एका ग्राहकानेही विचारणा केली असल्याने त्यानंतर गाडी राखून ठेवता येणार नाही.