सांख्यिकीय विश्लेषण: मूळ परिच्छेद आणि सुधारित मसुदा

मूळ: "दोन गटांची तुलना टी-चाचणी, मान-व्हिटनी चाचणी व काय-वर्ग चाचणीने केली. p < 0.05 महत्त्वाचे मानले."

सुधारित:

गुडघेदुखीच्या 84 रुग्णांना चिठ्ठ्या टाकून देखरेखीखालील व्यायाम (42) किंवा घरचा व्यायाम (42) दिला. वाटणी यादृच्छिक असल्याने सुरुवातीचे फरक योगायोगाचेच, म्हणून त्यांवर चाचणी लावली नाही.

मुख्य निष्कर्षमाप एकच: 12 आठवड्यांनंतर सहा मिनिटांत चाललेले अंतर. सुरुवातीला जास्त चालणारे शेवटीही बहुधा जास्तच चालतात, म्हणून साध्या टी-चाचणीऐवजी सुरुवातीचे अंतर सहचल धरून अ‍ॅन्कोव्हा वापरले. त्याने अंदाज अधिक नेमका येतो. यात गृहीत आहे की सुरुवातीच्या व शेवटच्या अंतरातले नाते सरळ रेषेत आहे, दोन्ही गटांत रेषेचा उतार सारखा आहे, आणि उरलेल्या चुकांचे विखुरणे सारखे व साधारण प्रसामान्य आहे. हे आलेखांवरून तपासले. शापिरो-विल्क चाचणीवर विसंबलो नाही, कारण लहान नमुन्यात ती ठळक बिघाड चुकवते आणि मोठ्या नमुन्यात किरकोळ बिघाडही पकडते.

खरी अडचण स्वातंत्र्याच्या गृहीतकाची आहे. देखरेखीचा व्यायाम सात-सात जणांच्या सहा तुकड्यांत झाला. एकाच प्रशिक्षकाकडचे लोक एकमेकांसारखे सुधारू शकतात. घरच्या गटात असे नाही. हे दुर्लक्षिले तर विश्वासांतर उगाच अरुंद दिसते. म्हणून तुकडीचा यादृच्छिक परिणाम फक्त देखरेखीच्या गटात धरणाऱ्या मिश्र प्रतिमानाने तेच विश्लेषण पुन्हा केले. तुकड्या सहाच असल्याने तुकड्यांमधल्या फरकाचा अंदाज ढोबळच राहतो. दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी दिली आहेत.

वेदनेचा 0–10 गुणांक क्रमवाचक आहे. 2 ते 3 आणि 7 ते 8 हे अंतर रुग्णाला सारखेच जाणवते असे मानायला आधार नाही. त्यासाठी मान-व्हिटनी चाचणी घेतली. दोन्ही गटांतील वाटपाचा आकार सारखा असल्याशिवाय ही चाचणी मध्यकांची तुलना ठरत नाही. आकार वेगळे दिसल्याने मध्यकांबद्दल विधान न करता, एका गटातील व्यक्तीचा गुणांक दुसऱ्या गटातील व्यक्तीपेक्षा कमी असण्याची शक्यता दिली आहे (समान गुणांक अर्धे मोजून).

पडल्याची नोंद फोनवरून सर्व 84 जणांची मिळाली. एकूण 9 जण पडले, म्हणजे प्रत्येक गटात अपेक्षित संख्या 4.5. काय-वर्ग चाचणीचा अंदाज इतक्या लहान संख्येवर भरवशाचा नसतो, म्हणून फिशरची नेमकी चाचणी वापरली. ती थोडी सावध आहे.

शेवटचे अंतर 6 जणांचे मिळाले नाही. बहुविध आरोपणाने ते भरताना गैरहजेरी आधी नोंदलेल्या गोष्टींवरच अवलंबून होती असे मानले. हे आमच्या माहितीवरून सिद्ध करता येत नाही; म्हणून या सहाही जणांत काहीच सुधारणा झाली नाही असे धरूनही विश्लेषण पाहिले. वेदना व पडणे या दोन दुय्यम मापांची p-मूल्ये होमच्या पद्धतीने सुधारली. सर्व चाचण्या दुहेरी बाजूच्या असून मुख्य मापासाठी 95% विश्वासांतर p-मूल्याच्या आधी दिले आहे.