आईचे कोशाचे पातळ

मामाच्या पूजाच्या लग्नाला नऊ दिवस उरले असताना मी आईची लोखंडी पेटी उघडली. आई जाऊन सहा वर्षे झाली होती आणि तेवढ्या काळात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तिचे करवती काठाचे पातळ कोणीही बाहेर काढले नव्हते. पहिली घडी उलगडताच डांबरगोळ्यांचा उग्र वास आला. प्रत्येक घडीच्या रेषेवर गडद पिवळा पट्टा उमटला होता, आणि आडवी रेषा उभीला छेदत होती तिथे रेशीम बोटभर विरले होते.

भंडाऱ्यातील एका धुलाईच्या दुकानदाराने पातळाला हातही न लावता जबाबदारी नाकारली. "ब्लीचमध्ये बुडव, पांढरं होते," असे मावशीने सुचवले आणि मी बादलीही भरली. बाबांनी ती बादली ओतून दिली आणि मला मोटारसायकलवर बसवून आंधळगावला नेले. आईचे पातळ ज्यांच्या मागावर उतरले होते ते विणकर आजोबा तिथे अजून होते.

आजोबांनी चष्मा लावून काठावर बोट फिरवले. काठाचे करवतीसारखे दाते मधल्या अंगात गुंफलेले असतात, त्यासाठी तीन धोटे चालवावे लागतात. ती गुंफण कुठे सुटली आहे का, हे ते दाता-दाता करून पाहत होते. ती शाबूत होती. मग त्यांनी खालचा फॉल नखाने जरा उचलला. आत, जिथे उजेड, घाम आणि कागद कधी पोहोचलेच नव्हते, तिथे मधाचा रंग होता.

"हे पांढरं होतं कवा, पोरी?" ते म्हणाले. "हा ऐनाच्या झाडावरचा कोसा होय. रंग त्याचा जन्माचा. ब्लीच घालशील त धागा विरघळून जाईन."

त्या बोटभर पट्टीकडे मी बराच वेळ पाहत राहिले. आईला या रंगात मी पाहिलेलेच नव्हते, कारण मला कळू लागेपर्यंत पातळ बाहेरून फिके पडलेले होते.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस पातळ ओसरीच्या सावलीत बाजेवर पसरून ठेवले, वास उडेपर्यंत. मग फॉल उसवला. तो आईने हाताने लावला होता. सुरुवातीचे टाके बारीक आणि एकसारखे, शेवटचे लांबलांब, बहुधा मला झोपवता झोपवता घातलेले. काठाचा लाल रंग सुटतो का, हे आधी आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा कापूस दाबून पाहिले. कापूस पांढराच राहिला. तेव्हा कुठे भिजत घातलेल्या रिठ्यांचे गाळलेले पाणी गार पाण्यात मिसळून पातळ त्यात बुडवले. आजोबांची ताकीद होती की घासायचे नाही, पिळायचे नाही, फक्त तळव्याने दाबायचे. ओला कोसा दुबळा असतो आणि ताणला की घडीवरच फाटतो. पाणी चहासारखे झाले. दुसऱ्या वेळी कमी, तिसऱ्या वेळी जवळजवळ नितळ. शेवटच्या बादलीत चमचाभर पांढरा व्हिनेगर घातला, मग पातळ टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपले आणि सावलीत वाळवले.

पिवळे पट्टे पुसट झाले, पूर्ण गेले नाहीत. थोड्या ओलसर पातळावर उलट्या बाजूने, मलमलीचा तुकडा ठेवून मंद इस्त्री फिरवल्यावर घड्याही बऱ्याच निवळल्या. विरलेल्या जागांसाठी आजीबाईंनी, म्हणजे विणकर आजोबांच्या घरच्यांनी, कमरेशी खोचल्या जाणाऱ्या टोकातून कोशाचे काही धागे ओढून काढले आणि त्याच धाग्यांनी रफू केले. नवा धागा घेतला असता तर तो वेगळा चमकला असता. पैसे त्यांनी घेतले नाहीत. "तिचंच सूत तिलेच लावलं," एवढे म्हणाल्या.

एक रेषा मात्र राहिलीच, अगदी मधोमध. नेसून पाहिले तेव्हा ती निऱ्यांच्या आत गेली.

हळदीच्या आदल्या रात्री मी फॉल परत लावायला बसले. जुन्या टाक्यांची भोके दिव्याच्या उजेडात दिसत होती. कापडाला नवे भोक पडू नये म्हणून मी सुई त्यांतूनच काढत गेले, आधी बारीक बारीक आणि शेवटी शेवटी लांब. बाबा दारात उभे होते. "तिच्यासारखे लांब काहून घातले?" त्यांनी विचारले.

"भोकंच तेवढी लांब आहेत, बाबा," मी म्हणाले आणि धागा तोडला.