विषय : फेब्रुवारी २०२६ मधील हॅम्बुर्ग भेटीसाठी निमंत्रण पत्र मिळण्याबाबत

सांगली, ८ डिसेंबर २०२५

प्रिय अमोलजी,
सप्रेम नमस्कार.

फोनवर ठरल्याप्रमाणे मी आणि आमच्या क्वालिटी विभागाच्या वैशालीताई तुमच्याकडे येत आहोत. शेंगेन बिझनेस व्हिसासाठी तुमच्या कंपनीचं निमंत्रण पत्र लागेल. पुण्याच्या अर्ज केंद्राची अपॉइंटमेंट ५ जानेवारीची मिळाली आहे, तेव्हा पत्राचा सही-शिक्क्याचा स्कॅन नाताळच्या सुट्टीआधी, १९ डिसेंबरपर्यंत मिळावा ही विनंती.

आम्ही सोमवार, ९ फेब्रुवारीला हॅम्बुर्गला पोहोचू आणि रविवार, १५ फेब्रुवारीला परत निघू. पत्रात हेच दोन दिवस यावेत, कारण तिकिटाचं आणि हॉटेलचं बुकिंग त्यावरच केलं आहे. भेट पुढे ढकलणं मात्र अवघड आहे. फेब्रुवारीअखेर मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक वाढली की रोज सौदे असतात, मग सांगली सोडता येत नाही.

उद्देश नेमका लिहावा, नुसतं ‘व्यावसायिक भेट’ पुरेसं वाटत नाही. १० आणि ११ तारखेला तुमच्या लॅबमध्ये कर्क्युमिन, ओलावा आणि कीटकनाशकांचे अंश तपासण्याच्या पद्धतीवर चर्चा, १२ ला गोदामाची पाहणी, १३ ला नव्या हंगामाच्या दराची आणि कराराची बोलणी. लॅबमधल्या दोन दिवसांना ‘ट्रेनिंग’ किंवा ‘काम’ म्हणू नये. आम्ही तिथे काम करायला येत नाही, आणि बिझनेस व्हिसावर ते चालतही नाही.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, जर्मन किंवा इंग्रजीत, मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या नावे असावं. आपला व्यवहार २०२२ पासून आहे आणि आम्ही तुम्हाला हळद पुरवतो, हे एका वाक्यात यावं. खाली कंपनीचा पत्ता, नोंदणी क्रमांक, आणि सही करणाऱ्यांचं नाव, हुद्दा व थेट फोन. सही कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचीच हवी.

प्रवास, राहणं आणि ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हा सगळा खर्च आमची कंपनी करेल. तसं स्पष्ट लिहा, म्हणजे खर्चाच्या हमीपत्रासाठी तुम्हाला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जावं लागणार नाही.

नावांकडे कृपया विशेष लक्ष द्या. वैशालीताई मेलखाली शिंदे लिहितात, पण पासपोर्टवर माहेरचं माने हेच आडनाव आहे. दोघांच्या पासपोर्टच्या प्रती जोडल्या आहेत. स्पेलिंग, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक त्यावरूनच घ्यावेत.

सहीआधी मसुदा पाठवलात तर त्याच दिवशी वाचून कळवतो. गेल्या हंगामातल्या दोन लॉटचे नमुने वैशालीताई सोबत आणणार आहेत. त्यासाठी लागणारी कागदपत्रं तुमच्या आयात विभागाला विचारून कळवा.

आपला,
सागर पाटील
भागीदार, निर्यात विभाग