कांजिण्यांमुळे रजा मिळण्याबाबत वर्गशिक्षिकांना अर्ज (मराठी व इंग्रजी)

सातारा
दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. वर्गशिक्षिका,
इयत्ता ४ थी, तुकडी ब (सेमी इंग्रजी)

विषय : सई महेश निकम (हजेरी क्र. २३) हिला आजारपणाची रजा मिळण्याबाबत.

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

माझी मुलगी सई आपल्या वर्गात शिकते. शनिवारी शाळेतून आल्यावर तिला कणकण वाटत होती. संध्याकाळी पाठीवर आणि पोटावर लाल पुरळ दिसलं आणि रात्रीपर्यंत त्यात पाणी धरलं. रविवारी सकाळी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कांजिण्या असल्याचं सांगितलं. सर्व फोड वाळून खपल्या धरेपर्यंत तिला शाळेत पाठवायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. तरी सोमवार दि. १० ते मंगळवार दि. १८ फेब्रुवारीपर्यंत तिची रजा मंजूर करावी, ही विनंती. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी आहे. त्यामुळे ती गुरुवार दि. २० रोजी वर्गात येईल. त्या दिवशी डॉक्टरांचा फिटनेस दाखला सोबत देईन. तोवर एखादा जरी फोड ओला राहिला, तर मी तिला पाठवणार नाही आणि तसं आपल्याला आदल्या दिवशी फोनवर कळवीन.

सईची तब्येत बरी आहे, काळजीचं कारण नाही. लहानपणी तिला या लसीचा एक डोस दिलेला असल्यामुळे आजार सौम्य आहे, असं डॉक्टर म्हणाले. तापासाठी पॅरासिटामॉल आणि खाजेसाठी लावायचं औषध सुरू आहे. तिच्या आजीने उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला आहे. त्याने सईला बरं वाटतं, म्हणून तो तसाच ठेवला आहे, पण औषध डॉक्टरांचंच चालू आहे.

बाई, रजेइतकीच महत्त्वाची एक गोष्ट सांगायची आहे. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्यांची लागण दुसऱ्याला होऊ शकते. म्हणजे सई गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी वर्गात बसली होती, तेव्हा तिच्याकडून इतर मुलांना लागण झालेली असू शकते. बाकावर शेजारी बसणाऱ्या आणि डबा एकत्र खाणाऱ्या मुलींचं मला जास्त वाटतं. लागण झाल्यापासून पुरळ दिसायला साधारण १० ते २१ दिवस लागतात. म्हणून १ मार्चपर्यंत वर्गातल्या कुणाला ताप किंवा पाण्याचे फोड दिसले, तर पालकांनी मुलाला घरीच ठेवून डॉक्टरांना दाखवावं, असा निरोप आपण वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकाल का? त्यात सईचं नाव आलं तरी आमची हरकत नाही. नाव लपवण्यापेक्षा इतर घरांना वेळेवर कळणं मला जास्त गरजेचं वाटतं. कांजिण्यांच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं आहे. तेही त्या निरोपात घालावं.

शाळेत कुणी गरोदर असतील आणि त्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील किंवा लस घेतलेली नसेल, तर त्यांनी वाट न पाहता आपल्या डॉक्टरांशी बोलावं. एखाद्या मुलाचे मोठ्या आजाराचे उपचार सुरू असतील आणि त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्याच्या पालकांनाही आजच कळवलेलं बरं. मोठ्यांना आणि अशा मुलांना हा आजार जड जातो. हे मुख्याध्यापकांच्या कानावर घालावं, ही विनंती.

सईचा धाकटा भाऊ आपल्याच शाळेत पहिलीत आहे. त्याचे लसीचे दोन्ही डोस झाले आहेत आणि आज त्याला काही लक्षण नाही. डॉक्टरांनी त्याला शाळेत पाठवायला हरकत घेतलेली नाही. तरी रोज सकाळी त्याची आंघोळ घालताना मी स्वतः अंग तपासून मगच त्याला पाठवते. त्याच्या बाईंनाही वेगळी चिठ्ठी दिली आहे.

आता अभ्यासाचं. शुक्रवारी १४ तारखेला गणिताची घटक चाचणी आहे. ती सईला परत आल्यावर देता आली तर बरं होईल. अपूर्णांकांवर तिने पुष्कळ मेहनत घेतली आहे आणि चाचणी बुडणार म्हणून ती कालपासून हिरमुसली आहे. रोजच्या गृहपाठाचा फोटो माझ्या फोनवर पाठवलात तर मी तिच्याकडून जमेल तेवढा करून घेईन. ताप असेल त्या दिवशी आग्रह धरणार नाही. तिच्यासाठी कुणा मुलीची वही मात्र घरी पाठवू नये.

शिवजयंतीच्या पोवाड्यात तिची चार कडवी आहेत. ती दुसऱ्या मुलीला द्यावी लागतील, हे मी तिला समजावलं आहे. ती थोडा वेळ रडली, मग म्हणाली, "ज्या मुलीला द्याल तिला चाल मी फोनवर शिकवते." आपण नाव कळवलंत, तर संध्याकाळी तिला फोन करायला लावते.

एक शेवटची विनंती. ती परत येईल तेव्हा चेहऱ्यावर खपल्यांचे डाग असतील. डाग दिसले तरी तिच्यापासून आता लागण होत नाही, हे आपण मुलांना आधी सांगितलंत तर कुणी तिच्यापासून लांब बसणार नाही. आपलं म्हणणं मुलं ऐकतात.

हा अर्ज सईचे आजोबा घेऊन येत आहेत. शाळेच्या ऑफिसला इंग्रजी मजकूर लागतो. आजोबांना तो काउंटरवर वाचून दाखवता यावा, म्हणून खाली देवनागरीत लिहिला आहे.

कळावे,
आपली नम्र,
वैशाली महेश निकम
(सईची आई)

सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स

ऑफिससाठी इंग्रजी मजकूर

टू द क्लास टीचर,
स्टँडर्ड फोर, डिव्हिजन बी
डेट : १० फेब्रुवारी २०२५

सब्जेक्ट : सिक लीव्ह फॉर सई महेश निकम, रोल नंबर २३

रिस्पेक्टेड मॅडम,

माय डॉटर सई हॅज चिकनपॉक्स. द रॅश अपिअर्ड ऑन सॅटरडे, ८ फेब्रुवारी. द डॉक्टर हॅज आस्क्ड अस टू कीप हर अ‍ॅट होम अंटिल ऑल द ब्लिस्टर्स हॅव ड्राइड. प्लीज ग्रँट हर लीव्ह फ्रॉम १० टू १८ फेब्रुवारी. शी विल रिटर्न ऑन थर्सडे, २० फेब्रुवारी, विथ अ फिटनेस सर्टिफिकेट.

सई वॉज इन क्लास टिल सॅटरडे, सो अदर चिल्ड्रन मे हॅव बीन एक्स्पोज्ड. काइंडली इन्फॉर्म द पेरेंट्स अँड द स्टाफ टू वॉच फॉर फीव्हर ऑर ब्लिस्टर्स टिल १ मार्च. प्लीज इन्फॉर्म एनी प्रेग्नंट स्टाफ मेंबर टुडे.

शी विल मिस द मॅथ्स टेस्ट ऑन १४ फेब्रुवारी. प्लीज अलाउ हर टू टेक इट आफ्टर शी रिटर्न्स. अ कॉपी ऑफ द डॉक्टर्स नोट इज अटॅच्ड.

युअर्स सिन्सिअरली,
वैशाली महेश निकम
मदर ऑफ सई निकम