खालच्या पाटातलं घर: पाहुण्यांसाठी माहिती

या, बसा. आधी पंखा लावा, मग वाचा. पंख्याचं बटण ओटीवर दाराच्या डाव्या हाताला, वरून दुसरं. पहिलं बटण बाहेरच्या दिव्याचं आहे.

गुहागरचं हे घर आमच्या आजोबांनी चिऱ्यात बांधलं. आम्ही पुण्यात असतो. गडग्याच्या पलीकडे काका-काकू राहतात, घराची देखरेख तेच करतात. दोघांचे आणि आमचा नंबर फ्रीजच्या दारावर चिकटवला आहे. फोन लागला नाही तर गडग्याजवळ उभं राहून हाक मारा, ती नक्की पोचते.

पोचताना

खोली दुपारी १ नंतर मिळते. आधी आलात तर सामान पडवीत ठेवून समुद्रावर जा, कुणी अडवणार नाही. नकाशावर विसंबून येणाऱ्या गाड्या हमखास पुढच्या पाखाडीत शिरतात, आणि तिथून एसयूव्ही मागे काढताना भांडणं होतात, बहुतेक नवरा-बायकोची. आपली पाखाडी म्हणजे कडेला निळी पाण्याची टाकी दिसते ती.

गाडी मांगरासमोर, म्हणजे सामान ठेवायच्या शेडसमोर लावा. माडाखाली सावली छान असते, पण लावू नका. मागच्या मे महिन्यात एका पाहुण्यांच्या बॉनेटवर नारळ पडला आणि खोलगट थाळीएवढा पोचा आला. नारळ बिचारा शाबूत होता.

चावी काकूंकडे. रात्री १० नंतर पोचणार असाल तर दुपारीच कळवा, मग ती पडवीतल्या आकड्यांच्या पेटीत ठेवू आणि आकडा मेसेजवर पाठवू. प्रत्येक मोठ्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत लागते. तुमच्यात कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल (सुट्टीला आलेली मुलं, नातवंडं यांच्या बाबतीत हे विसरलं जातं), तर त्यांची नोंद आम्हाला २४ तासांच्या आत सरकारी पोर्टलवर करावी लागते. पासपोर्टचा फोटो पहिल्याच दिवशी पाठवा.

माजघरातली देवघराची खोली बंद असते. तिची किल्ली शोधू नका.

वायफाय

नेटवर्कचं नाव `Aagar_Ghar`, पासवर्ड `suru-padvi-64`. सगळी अक्षरं छोटी, मधली रेघ आडवी. राउटर ओटीवर आहे. चिऱ्याच्या भिंती दीड फुटी असल्यामुळे मागच्या खोलीत रेंज जेमतेम येते. व्हिडिओ कॉल असेल तर ओटीवरच्या टेबलाशी बसा. चालेनासं झालं तर राउटरचा प्लग काढून दोन मिनिटांनी पुन्हा लावा. तरीही नाही आलं तर कुठेतरी झावळी पडून केबल तुटलेली असते, आणि ती जोडायला माणूस येईपर्यंत संध्याकाळ होते. ऑफिसचं काम घेऊन पावसाळ्यात येणाऱ्यांनी हे धरूनच चालावं.

वीज आणि पाणी

लाइट जाते. पावसात दिवसातून दोनदाही जाते. इन्व्हर्टरवर सगळे दिवे, पंखे आणि राउटर चालतात. फ्रीज, गीझर, एसी, मिक्सर चालत नाहीत, त्यामुळे त्यांची बटणं दाबत बसू नका. आपल्याकडे अंधार आणि काकूंकडे उजेड असेल, तर पडवीतल्या बोर्डाचं झाकण उघडून खाली पडलेला खटका वर करा. पुन्हा पडला तर हात लावू नका, काकांना सांगा.

पाणी विहिरीचं. पंपाचा स्टार्टर न्हाणीघराच्या बाहेर आहे: हिरवं बटण चालू, लाल बंद. टाकी भरायला वीस मिनिटं लागतात आणि भरली की मागच्या बाजूला पाणी पडल्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकू येईल इतपत जवळ राहा. एप्रिल-मेमध्ये विहीर खाली जाते. पंप घरघरतोय पण पाणी चढत नाही असं वाटलं तर लगेच बंद करा, कोरडा फिरला तर जळतो. पिण्याचं पाणी स्वयंपाकघरातल्या फिल्टरमधून घ्या.

गीझर आणि बंब

गीझर १५ लिटरचा, दहा मिनिटं पुरतात.

पण बंब पेटवून बघा, मुलांना तर फार आवडतो. न्हाणीघराच्या पडवीत तांब्याचा बंब आहे. आधी पाणी, मग विस्तव. वरच्या तोंडातून पाणी ओतत राहा, चोचीतून बाहेर यायला लागलं की भरला. मग मधल्या नळकांड्यात नारळाच्या सोडणाचा झुबका टाका, त्यावर दोन करवंट्या, आणि खालून काडी लावा. धूर पंधरा मिनिटं डोळ्यांत जाईल, मग जाळ धरतो. गरम पाणी हवं तेव्हा वरून तांब्याभर गार ओता, चोचीतून तेवढंच कढत बाहेर येतं. बादली आधीच खाली लावून ठेवा आणि लहान मुलांना चोचीसमोर उभं करू नका. एकदा कुणीतरी रिकामाच पेटवला, त्याचा डाग सुटून बंब गळायला लागला. जुने बंब दुरुस्त करणारा माणूस शोधण्यात आमचा अख्खा महिना गेला.

करवंट्या आणि सोडणं मांगरात पोत्यात आहेत. हवी तितकी वापरा.

स्वयंपाकघर

गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करा. भरलेलं दुसरं सिलिंडर ओट्याखाली आहे, बदलायला जमत नसेल तर काका बदलून देतात. कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं, चहाचं सगळं आहे. विळीला खवणी आहे, तिची धार जपून.

मासे जरूर आणा, पण शिजवायचे मागच्या पडवीतल्या शेगडीवर. त्या शेगडीची भांडी वेगळी आहेत, लाल खुणेची. घराची रीत आहे, बाकी काही नाही.

ओट्यासमोरची खिडकी उघडी टाकून बाहेर जाऊ नका. माकडं येतात आणि त्यांना डबे उघडता येतात.

वॉशिंग मशीन न्हाणीघरात. समुद्रावरचे कपडे त्यात टाकण्याआधी मागच्या नळावर झटकून, खळबळून घ्या. पायही तिथेच धुवा. या घरात आम्हाला सर्वांत जास्त छळते ती वाळू: मोरीत, गादीत, मशीनच्या पाइपात. नळाजवळ काथ्याचं पायपुसणं मुद्दाम ठेवलं आहे.

जेवण

काकू जेवण देतात. सकाळी १० पर्यंत सांगितलं तर दुपारचं, ४ पर्यंत सांगितलं तर रात्रीचं. साधं ताट २५० रुपये: पोळी, भात, आमटी, एक भाजी, सोलकढी. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. फणसाच्या दिवसांत आलात तर कुयरीची भाजी मागून घ्या, त्या स्वतःहून सुचवत नाहीत. पैसे त्यांनाच द्या, आणि रोख द्या. बाजारातही थोडी रोख जवळ असू द्या, रेंज गेली की यूपीआय अडकतं.

समुद्र

वाडीच्या टोकाला बेडं आहे. ते उघडलं की सुरूचं बन आणि पुढे समुद्र. बेडं मागे लावून घ्या, नाहीतर गुरं आत येऊन पोफळीची रोपं खातात.

भरतीची वेळ काढायची सोपी रीत आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ३ वाजता पूर्ण भरती, अष्टमीला ६ वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडंफार मागेपुढे होतं, पण फिरायला जायला एवढं पुरे. पोहायचं असेल तर ओहोटी लागलेली असताना कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका, पाणी आत ओढतं. जून ते सप्टेंबर पाण्यात अजिबात नको. गाडी वाळूत नेऊ नका. रुतते, आणि भरती वाट बघत नाही.

थंडीत इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याने घरट्यांभोवती कुंपण केलेलं दिसेल. पिल्लं सोडायची वेळ काका चौकशी करून सांगतात. त्या दिवसांत बेड्याजवळचा दिवा रात्री बंद ठेवा, उजेडाने पिल्लं भलतीकडे जातात. फ्लॅश मारून फोटो नकोत.

आसपास

व्याडेश्वराचं देऊळ बाजारातच. अनेकांचं ते कुलदैवत, त्यामुळे सुट्टीत गर्दी. सकाळी ८ च्या आत जा. उफराटा गणपतीही बघा. समुद्र गावात शिरू लागला तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेली मूर्ती पश्चिमेला वळली, अशी त्याची गोष्ट सांगतात.

एक पूर्ण दिवस असेल तर वेळणेश्वर आणि हेदवी करा. हेदवीला दशभुज गणेश, आणि खाली समुद्राकाठी बामणघळ: कातळातली अरुंद चीर, भरतीला लाट तिच्यात घुसते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती चीर दिसेल, म्हणून आधी पाऊणपटीचा हिशोब करून निघा. कडेला मात्र जाऊ नका, कातळ शेवाळलेला असतो.

अर्धाच दिवस असेल तर अंजनवेलचा गोपाळगड, मग धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन परत. गाडी बोटीत चढते. गणपतीपुळ्याला जायचं असेल तर तवसाळ-जयगड फेरीमुळे बराच वळसा वाचतो. पेट्रोल शृंगारतळीला भरून घ्या. चिपळूण इथून सुमारे ४५ किलोमीटर, घाटवळणाचा रस्ता, रात्री टाळलेला बरा.

रात्री आणि अडीअडचणीला

अंगणात उतरताना विजेरी घ्या, ती दारामागे खिळ्याला आहे. चपला झटकून घाला. साप दिसला तर मारू नका, लांबूनच लक्ष ठेवा आणि काकांना बोलवा. चावलाच तर वेळ न घालवता गुहागरचं ग्रामीण रुग्णालय, किंवा १०८ ला फोन. मोठं काही असेल तर डेरवणचं वालावलकर रुग्णालय. मध्यरात्री वाडीमागून रडण्यासारखा आवाज आला तर घाबरू नका, कोल्हे आहेत.

मोठ्याने गाणी ९ नंतर बंद. काका पहाटे ४ ला उठतात.

निघताना

सकाळी १०.३० पर्यंत घर मोकळं करा. त्या दिवशी दुसरं कुणी येणार नसेल तर दुपारपर्यंत थांबता येईल, आदल्या रात्री काकूंना विचारा.

चादरी-टॉवेल घडी न घालता माजघरातल्या टोपलीत टाका. ओला कचरा मांगरामागच्या खड्ड्यात, बाटल्या आणि प्लास्टिक वेगळ्या पिशवीत मागच्या दाराशी. फ्रीजमधलं उरलेलं दूध, भाजी काकूंना द्या, फ्रीज बंद करू नका. रेग्युलेटर, गीझर, पंप बंद. बंबातला विस्तव पूर्ण विझला का ते हात जवळ नेऊन बघा. खिडक्या लावा, ओट्यासमोरची आधी. इन्व्हर्टरचं बटण तसंच राहू द्या. काही फुटलं-तुटलं असेल तर सांगा. कपबशीचे पैसे आम्ही घेत नाही, पण नंतर शोधत बसावं लागतं.

खोल्यांमधले चार्जर बघून घ्या. आमच्याकडे विसरलेल्या चार्जरांचा डबा भरला आहे.

चावी काकूंच्या हातात द्या, खिडकीत ठेवू नका. ओटीवर तुमच्यासाठी दोन नारळ काढून ठेवलेले असतील. सोलून मागू नका, सोडणासकट न्या. तसे महिनाभर टिकतात आणि डिकीत गडगडले तरी फुटत नाहीत.